रिव्ह्यू रात्री, रेट्रो दुपारी

आमची टीम आठ जणांची. पाच जण पणजीत, दोघे लिस्बनला आणि एक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टलंडला. पणजीत तीन डेव्हलपर, टेस्टिंग पाहणारी एक मैत्रीण आणि टीमच्या बैठका चालवणारी स्क्रम मास्टर म्हणून मी. लिस्बनला काय बनवायचं ते ठरवणारी प्रॉडक्ट ओनर आणि एक डेव्हलपर. पोर्टलंडचा इंजिनिअर सर्व्हर सांभाळतो. ज्यांच्यासाठी हे सॉफ्टवेअर बनतं, ते ग्राहकही पोर्टलंडलाच. त्यांच्या गोदामांचा कारभार पाहणारी एक व्यवस्थापक दर रिव्ह्यूला येते आणि काम पाहून हो किंवा नाही म्हणते. कुणाचीही नावं इथे देत नाही.

आमचं काम दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं, त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. त्याच्या शेवटी दोन बैठका: झालेलं काम ग्राहकाला दाखवण्याचा रिव्ह्यू, आणि काम कसं झालं यावर टीमने आपापसांत बोलायची रेट्रो. त्या कधी घ्यायच्या, एवढ्या एका प्रश्नावर आमचे ऑक्टोबर २०२५ पासूनचे जवळजवळ सहा महिने गेले. त्यात काय चुकलं आणि शेवटी काय बसलं, ते क्रमाने लिहिते.

शुक्रवारची लांब रात्र

मी टीममध्ये आले तेव्हा वेळ आधीच ठरलेली होती. एक सोडून एका शुक्रवारी रात्री साडेआठला रिव्ह्यू, तासाभराचा. मग पंधरा मिनिटं विश्रांती आणि पावणेदहाला रेट्रो, ती अकरापर्यंत. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे पोर्टलंडला तेव्हा सकाळचे आठ ते साडेदहा आणि लिस्बनला दुपारचे चार ते साडेसहा वाजलेले असत. त्या दोन्ही ठिकाणी हा कामाचाच वेळ. आमच्याकडे मात्र शुक्रवारची रात्र.

ही वेळ कुणी मुद्दाम आमच्यावर लादली नव्हती. दोन्ही बैठका सलग घ्यायच्या, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सलग अडीच तास तिन्ही ठिकाणी मिळणारी दुसरी जागाच नव्हती. दुसरं गृहीत असं, की रात्री साडेआठनंतर माणूस घरीच असतो, त्यामुळे त्याला कॉलवर यायला फारसं काही पडत नाही. गोव्यात हे खरं नाही. आमची टेस्टिंगवाली फोंड्याची. नाटकाच्या स्पर्धेचे दिवस जवळ आले की रात्री साडेनऊला देवळाच्या सभागृहात तिची तालीम असते आणि तिच्यावाचून दोन प्रवेश अडतात. एक डेव्हलपर दिवाडी बेटावरचा. त्याच्याकडे वीज गेली की इंटरनेटही जातं, म्हणून रिव्ह्यूच्या दिवशी तो ऑफिसातच थांबायचा. अकराला कॉल संपला की जुन्या गोव्यापर्यंत दहाएक किलोमीटर स्कूटर आणि मग धक्क्यावर फेरीबोटीची वाट. रात्री फेऱ्या विरळ होतात. एक चुकली की पाण्याकडे बघत बसायचं. पावसात तर तो पणजीत मावसभावाकडेच झोपायचा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

चहाच्या वेळी जे बोललं गेलं

रेट्रोत आम्ही एक ऑनलाइन बोर्ड वापरायचो. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळे मुकाट्याने चिठ्ठ्या लिहीत: काय बरं झालं, काय अडलं. १७ ऑक्टोबरच्या रेट्रोनंतर मी बोर्ड पुन्हा उघडून पाहिला. पणजीच्या चौघांच्या चिठ्ठ्या होत्या, पण सगळ्या एकाच धाटणीच्या: ‘टीमवर्क चांगलं’, ‘स्टेजिंग कधी कधी स्लो’. स्टेजिंग म्हणजे आमचा चाचणीचा सर्व्हर. चर्चेत आमच्यातल्या कुणी स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एकदा अकराच्या चहाला आम्ही खाली उतरलो. दिवाडीचा डेव्हलपर पाव-भाजीची बशी पुढे ओढत सहज म्हणाला, “आज परत दिवस गेला. स्टेजिंग सकाळपासून पडलंय.”

“मग उठवत का नाही?” मी विचारलं.

“आमच्या हातात कुठे आहे, ताई? रिस्टार्टचे अधिकार फक्त पोर्टलंडला. तो उठणार आपल्या रात्री. तोपर्यंत टेस्टिंग बंद.”

“हे रेट्रोत का नाही सांगितलं?”

तो गप्प झाला. टेस्टिंगवाली म्हणाली, “अगं ताई, रात्री साडेदहाला हा विषय काढला तर अर्धा तास वाढतो. आणि तो बिचारा तिकडे नुकताच कामाला बसलेला असतो. त्याच्या तोंडावर ‘तुझ्यामुळे आमचा दिवस जातो’ म्हणायचं कसं?”

स्प्रिंटमधली सगळ्यात मोठी अडचण आमच्या रेट्रोत ‘कधी कधी स्लो’ एवढ्या तीन शब्दांत बसवली गेली होती. रेट्रो बिघडली आहे हे कसं ओळखायचं, असं मला कुणी विचारलं तर मी बोर्ड बघायला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी चहाला काय बोललं जातं ते ऐका. जे तिथे निघतं आणि बोर्डवर नसतं, तेवढी रेट्रो वाया गेली. आमच्या बाबतीत ती वाया जाण्याचं कारण वेळ होतं. दिवसाच्या शेवटच्या तासाला माणूस वाद टाळतो, कारण वाद म्हणजे आणखी उशीर.

घड्याळ सरकलं

मी विचार करत होते तोवर घड्याळंच बदलली. भारतात घड्याळ वर्षभर एकच. युरोपात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२५ मध्ये या तारखा २६ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर होत्या. मधल्या आठवड्यात लिस्बन आणि पोर्टलंडमध्ये नेहमीच्या आठऐवजी सातच तासांचं अंतर राहतं.

आमचं कॅलेंडरचं आमंत्रण पणजीतून, भारतीय वेळेवर बांधलेलं होतं. म्हणजे आमच्याकडे कायम साडेआठ, बाकीच्यांकडे ते सरकणार. ३१ ऑक्टोबरला ते लिस्बनला चारवरून तीनवर आलं. तिथला डेव्हलपर सवयीने चारला आला, तोपर्यंत त्याचा डेमो दुसऱ्याने दाखवून झाला होता. त्यावर कुणी फार लक्ष दिलं नाही.

१४ नोव्हेंबरला मात्र नुकसान झालं. त्या दिवशी सकाळी मी हे तपासून पाहिलं असतं तर कळलं असतं:

```
for z in Asia/Kolkata Europe/Lisbon America/Los_Angeles; do
  TZ=$z date -d '2025-11-14 15:00 UTC' '+%a %H:%M'
done
Fri 20:30
Fri 15:00
Fri 07:00
```

पोर्टलंडला आठचे सात झाले होते. ग्राहकाकडची व्यवस्थापक आलीच नाही. शुक्रवारी सातला ती मुलाला शाळेत सोडायला निघते. तिच्या कॅलेंडरवर बैठक आपोआप सातला सरकली होती, पण दर पंधरा दिवसांनी येणारं तेच आमंत्रण नव्याने कोण वाचतं? आम्ही वीस मिनिटं थांबलो आणि मग तिच्याशिवायच रिव्ह्यू केला. परत आलेल्या मालाचा नवा स्क्रीन सगळ्यांना आवडला. प्रॉडक्ट ओनरने तो मान्य केला.

मंगळवारी व्यवस्थापकबाईंनी तो पाहिला आणि एका वाक्यात सांगितलं, की गोदामातली माणसं आधी माल स्कॅन करतात, परत येण्याचं कारण नंतर निवडतात. आम्ही उलट क्रमाने बांधलं होतं. तो क्रम फिरवण्यात पुढच्या स्प्रिंटमधले दोन जणांचे जवळजवळ तीन दिवस गेले. ज्या माणसाच्या एका वाक्यासाठी रिव्ह्यू असतो, तो माणूस नसताना केलेला रिव्ह्यू म्हणजे आपणच आपल्याला दाखवलेलं काम.

माझी पहिली प्रतिक्रिया होती, की आमंत्रण पोर्टलंडच्या वेळेवर बांधावं, म्हणजे तिथे कायम आठ. मग कागदावर मांडून पाहिलं. हिवाळ्यात पोर्टलंडचे आठ म्हणजे आमचे साडेनऊ. रिव्ह्यू साडेदहाला संपणार आणि रेट्रो मध्यरात्री. ते शक्य नव्हतं.

दोन बैठका वेगळ्या करून पाहिल्या

तेव्हा मी पहिल्यांदा प्रश्न फोडला. आम्ही ‘स्प्रिंटच्या शेवटच्या बैठकीची वेळ’ शोधत होतो, पण बैठका दोन आहेत आणि दोन्हींना लागणारी माणसं वेगळी आहेत. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये महिन्याच्या स्प्रिंटसाठी रिव्ह्यूला जास्तीत जास्त चार तास आणि रेट्रोला तीन तास दिलेत, स्प्रिंट लहान असेल तर त्याहून कमी. क्रमही दिला आहे: आधी रिव्ह्यू, शेवटी रेट्रो. पण दोन्ही एकाच दिवशी, पाठोपाठ घ्या असं त्यात कुठेही नाही. सलगतेचं बंधन आमचं आम्हीच घालून घेतलं होतं.

मग मी एक साधी पट्टी काढली. सकाळी सातच्या आधी आणि रात्री दहाच्या नंतर कुणालाही बोलवायचं नाही असं धरलं, तर हिवाळ्यात तिन्ही ठिकाणी एकत्र मिळतो फक्त दीड तास: आमचे साडेआठ ते दहा, लिस्बनचे तीन ते साडेचार, पोर्टलंडचे सात ते साडेआठ. उन्हाळ्यात हाच तुकडा अडीच तासांचा होतो. वर्षभराची व्यवस्था लावायची तर हिशोब हिवाळ्यातल्या दीड तासावर करायला हवा. या तुकड्यात रिव्ह्यू बसतो. त्यामागे पंचाहत्तर मिनिटांची रेट्रो बसत नाही.

पोर्टलंड बाजूला ठेवलं तर चित्रच बदलतं. हिवाळ्यात आमचे अडीच ते साडेसहा म्हणजे लिस्बनचे नऊ ते एक. दिवसाउजेडी चार तास.

रिव्ह्यूला पोर्टलंड हवंच, त्यामुळे तो रात्रीच राहणार होता. प्रश्न फक्त सात वाजताचा. या वेळी मी अंदाज बांधला नाही, प्रॉडक्ट ओनरला सांगून व्यवस्थापकबाईंना सरळ विचारायला लावलं: आठवड्यातल्या कोणत्या दिवशी सकाळी सातला तुम्ही मोकळ्या असता? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मंगळवारी आणि बुधवारी मुलाला तिचा नवरा सोडतो, त्या दिवशी ती सहापासून टेबलाशी असते. वर्षभरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. शुक्रवार ठरला होता कारण स्प्रिंट शुक्रवारी संपायचा, आणि स्प्रिंट शुक्रवारी संपायचा कारण आठवडा शुक्रवारी संपतो, यापलीकडे त्याला कारण नव्हतं.

म्हणून रिव्ह्यू बुधवारी, भारतीय वेळेने रात्री साडेआठला, पंचेचाळीस मिनिटं. आमंत्रण पणजीच्याच वेळेवर बांधलेलं ठेवलं, पण आता समजून. पोर्टलंडला हिवाळ्यात सात आणि उन्हाळ्यात आठ. बुधवारी तिला दोन्ही चालतं. लिस्बनला तीन किंवा चार, तेही ठीक. सरकायला सगळ्यात कमी जागा आमच्याकडे, रात्रीच्या टोकाला. ज्याच्याकडे जागा नाही त्याच्या घड्याळाला खिळा ठोकावा आणि बाकीच्यांना सरकता येतं का ते आधी विचारून घ्यावं, असं मला वाटतं. १४ नोव्हेंबरला खिळ्याची जागा बरोबर होती. विचारणं राहून गेलं होतं.

साठ मिनिटांचा रिव्ह्यू पंचेचाळीसवर आणायला विशेष काही करावं लागलं नाही. आकडेवारीचे स्लाइड आदल्या दिवशी लेखी पाठवले आणि डेमो व ग्राहकाचं म्हणणं एवढंच कॉलवर ठेवलं. फोंड्याची मैत्रीण पहिली दाखवते आणि तालमीचे दिवस असतील तर नऊला निघते. उरलेलं ती सकाळी रेकॉर्डिंगवर पाहते. स्क्रमच्या नियमावर बोट ठेवणारे म्हणतील, की पूर्ण टीम शेवटपर्यंत हवी. मला ते मान्य आहे, पण दर वेळी अर्ध्या मनाने थांबलेल्या माणसापेक्षा आपलं काम नीट दाखवून गेलेली माणसं मला जास्त उपयोगी वाटतात.

तारखा लावताना आणखी एक अडचण आली. ठरलेला पुढचा शुक्रवार २८ नोव्हेंबरचा, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा, तेव्हा तिथे कुणी नसणार. तो सोडून बुधवार धरला तर ३ डिसेंबर. त्या दिवशी सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. गोव्यात सुट्टी, जुन्या गोव्यात पाऊल ठेवायला जागा नसते, आणि दिवाडीची फेरी तिथूनच सुटते. म्हणून पहिला रिव्ह्यू मंगळवारी, २ डिसेंबरला घेतला आणि त्यापुरता स्प्रिंट लांबवला. स्प्रिंटची लांबी बदलू नये हे मलाही पटतं, पण घडी बदलताना एकदा ते करावं लागलं. ३१ डिसेंबरची तारीखही आम्ही एक आठवडा पुढे ढकलली. त्या रात्री गोव्यात कुणाला कॉलवर बसवायचं मनातही आणलं नाही.

दुपारची रेट्रो, आणि जो नव्हता त्याचं काय

रेट्रो आम्ही रिव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीनला लावली. लिस्बनला साडेनऊ. पोर्टलंडला मात्र मध्यरात्रीनंतरचे दीड. तिथल्या इंजिनिअरने आदल्या दिवशी बोर्डवर लिहून ठेवायचं आणि त्याच्या चिठ्ठ्या प्रॉडक्ट ओनरने वाचून दाखवायच्या, असं ठरलं.

४ डिसेंबरच्या पहिल्या रेट्रोत फरक लगेच दिसला. दुपारी तीनला आमची माणसं जागी होती, पोटात जेवण होतं, पुढे आणखी दोन तास ऑफिस होतं. दिवाडीच्या डेव्हलपरने स्टेजिंगचं सगळं मांडलं, तारखांसह. गेल्या तीन आठवड्यांत चार सकाळी स्टेजिंग बंद, दर वेळी टेस्टिंगचा अख्खा दिवस वाया. प्रॉडक्ट ओनर ऐकतच राहिली. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

१८ डिसेंबरच्या दुसऱ्या रेट्रोत तोच विषय पुन्हा आला आणि या वेळी त्याला टोक आलं. कुणीतरी म्हणालं, की पोर्टलंडने अधिकार स्वतःकडे अडवून ठेवलेत. बोर्डवर चिठ्ठी लागली: ‘रिस्टार्टचे अधिकार पणजीला द्यावेत, पोर्टलंडने या आठवड्यात करावं.’ सगळ्यांनी होकार दिला. मी चालवत होते आणि मीही थांबवलं नाही. इतक्या दिवसांनी लोक मोकळे बोलताहेत, याचाच मला आनंद झाला होता.

पोर्टलंडच्या इंजिनिअरने सकाळी उठून बोर्ड पाहिला. त्याने टीमच्या चॅटवर चार ओळी लिहिल्या. आवाज कुठेही चढलेला नव्हता. त्याने जूनमध्येच पणजीच्या दोघांसाठी हे अधिकार मागितले होते. ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने ते नाकारले, कारण त्या खात्यातून स्टेजिंगबरोबर खऱ्या गोदामांचा डेटाही दिसत होता. त्याने ते ईमेल जोडलं होतं. शेवटची ओळ होती: ‘माझ्याबद्दल ठरत असताना मला विचारलं असतं, तर हे एका मिनिटात सांगता आलं असतं.’

त्याचं बरोबर होतं. रात्रीच्या रेट्रोत तो होता पण आम्ही बोललो नाही. दुपारच्या रेट्रोत आम्ही बोललो पण तो नव्हता. पहिल्या वेळी तक्रार दडली, दुसऱ्या वेळी कारण दडलं. मी त्याला फोन करून माफी मागितली.

मग लक्षात आलं, की रिव्ह्यू आणि रेट्रो वेगळ्या केल्या तशी रेट्रोही आतून फोडायला हवी. तिच्यात दोन कामं असतात. एक, काय झालं आणि कुणाला काय वाटलं ते बाहेर काढणं. दोन, त्यावर काय करायचं ते ठरवणं. पहिल्याला मोकळा वेळ आणि मोकळं मन लागतं. दुसऱ्याला, ज्याच्या कामावर निर्णयाचा परिणाम होणार तो माणूस समोर लागतो.

जानेवारीपासून आमची पद्धत अशी आहे. रिव्ह्यू संपल्यावर बुधवारी बोर्ड उघडतो. प्रॉडक्ट ओनर लिस्बनहून त्याच संध्याकाळी, तिच्या पाचला म्हणजे पोर्टलंडच्या नऊला, तिथल्या इंजिनिअरशी वीस मिनिटं बोलते आणि तो सांगेल त्या चिठ्ठ्या त्याच्याच शब्दांत लावते. गुरुवारी दुपारी तीनला आमची आणि लिस्बनची बोलण्याची बैठक, पन्नास मिनिटांची. आपापसांतलं जे आहे ते तिथेच ठरवून टाकतो. पण एखादी चिठ्ठी गैरहजर माणसाच्या कामाला हात लावत असेल, तर तिच्यावर पिवळी खूण करायची आणि पुढे जायचं. उपाय सुचवायचा नाही, जबाबदारी टाकायची नाही. पिवळ्या चिठ्ठ्यांसाठी त्याच दिवशी रात्री साडेआठला अर्ध्या तासाची ठरवण्याची बैठक. तिला पोर्टलंड असतं, लिस्बन असतं, आणि पणजीतून ज्याची चिठ्ठी तो आणि मी. बाकीच्यांना यायची सक्ती नाही. पिवळी चिठ्ठी नसेल तर संध्याकाळी सहाच्या आत मी ती बैठक रद्द करते. ‘सहाच्या आत’ ही अट फोंड्याच्या मैत्रिणीने घातली. ऐनवेळी रद्द झालेली बैठक काही उपयोगाची नसते, तोवर माणसाने आपली संध्याकाळ सोडून दिलेली असते.

८ जानेवारीला रात्री स्टेजिंगचा विषय पहिल्यांदा सगळ्यांसमोर आला. दिवाडीच्या डेव्हलपरने चार तारखा सांगितल्या, पोर्टलंडच्या इंजिनिअरने नकाराचं कारण सांगितलं आणि मग त्यानेच विचारलं, की तुम्हाला सगळे अधिकार हवेत की फक्त स्टेजिंग उठवायचं बटण? आम्हाला बटणच हवं होतं. त्याने एक छोटं काम बसवून दिलं: पणजीहून ते चालवलं की स्टेजिंग पुन्हा सुरू होतं आणि डेटाला हात लागत नाही. सुरक्षा विभागाने हे नऊ दिवसांत मान्य केलं. रात्रीची ती बैठक पंचवीस मिनिटांत संपली होती.

अजून जे बसलेलं नाही

८ मार्च २०२६ ला अमेरिकेचं घड्याळ पुढे गेलं, युरोपचं २९ मार्चला. मधल्या काळातला आमचा रिव्ह्यू १८ मार्चचा. पोर्टलंडला आठ, लिस्बनला अजून तीनच. या वेळी प्रत्येकाला त्याच्या गावची वेळ मी आदल्या सोमवारी लिहून पाठवली आणि आमंत्रणाच्या नावातच ती घातली. सगळे वेळेवर आले. दुसऱ्या दिवशी १९ मार्चला गुढीपाडवा, म्हणून रेट्रो शुक्रवारी गेली आणि नव्या स्प्रिंटचं नियोजन सोमवारवर. एवढ्या धक्क्याने ही घडी मोडत नाही हे पाहून मला हायसं वाटलं.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. पिवळी चिठ्ठी असते त्या आठवड्यात पणजीतल्या एकाच्या दोन रात्री जातात, आणि बहुतेक वेळा तो माणूस दिवाडीचाच असतो, कारण सर्व्हरशी सगळ्यात जास्त संबंध त्याचा. त्याला दुसऱ्या दिवशी अकराला यायची मुभा आहे. ती कॅलेंडरवर लिहिलेली आहे, म्हणजे सकाळच्या बैठका त्याच्यावर पडत नाहीत. पण पावसाळ्यात घरची वीज जाणं आणि फेरीबोट, दोन्ही राहणारच. पोर्टलंडचा इंजिनिअर दुपारच्या बैठकीत कधीच नसतो. त्याच्या चिठ्ठ्या त्याच्या शब्दांत वाचल्या जात असल्या तरी चर्चेतला सूर त्याला ऐकू येत नाही. त्यासाठी तिमाहीतून एकदा आम्ही रात्री साडेआठला पूर्ण रेट्रो सगळ्यांसह घेतो, तासाभराची, आणि त्या आठवड्यात रिव्ह्यू सोडून दुसरी रात्र कुणाची घेत नाही.

पुढच्या तारखा सप्टेंबरपर्यंत लावून झाल्या आहेत. बुधवारांच्या हिशोबाने एक रिव्ह्यू १६ सप्टेंबरला पडतो. गणेशाची चवथ १४ ला आहे. त्या आठवड्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत माणूस आपापल्या मूळ घरी असतो, आमच्यातलेही पाचही जण असतील. तो रिव्ह्यू २३ ला घ्यावा असं मी प्रॉडक्ट ओनरला आत्ताच लिहिलं आहे, आणि त्या बुधवारी सकाळी आठला चालेल का, हे व्यवस्थापकबाईंना विचारायलाही सांगितलं आहे.